माईकवर स्वतःचं नाव

माझी सगळी वकिली धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर गेली. लोणारच्या कोर्टात माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या शेजाऱ्यानं एकतर धुरा कोरलेला असतो, नाहीतर वहिवाटीच्या रस्त्यात बाभळी आणून टाकलेल्या असतात. मला त्यात मजा येते, कारण भांडायला मला मुळातच आवडतं. घरचे म्हणतात, हिला फी नाही दिली तरी ही भांडेल. एक दिवस माईकवाले भाऊ माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, माह्या थोबाडाची चोरी झाली." मला वाटलं, भाऊंनी सकाळी सकाळी काहीतरी घेतलेलं दिसतं. पण भाऊ चहासुद्धा मोजून घेणारे.

माईकवाले भाऊ आमच्याकडे कुणाला माहीत नाहीत? लोणार, सुलतानपूर, पार हिवरा आश्रमापर्यंत लग्न म्हटलं की आचारी बदलेल, बँड बदलेल, पण माईकवर भाऊच पाहिजेत. पाव्हण्यांचं स्वागत, हरवलेल्या चपला, वरातीत नाचत बसलेल्या नवरदेवाच्या मित्रांना दम, जेवणाची पंगत आणि शेवटी आहेर, सगळं त्यांच्या तोंडून. मुलीचा बाप घसा फोडून ओरडला तरी जागचा न हलणारा पाव्हणा भाऊंनी नुसतं "विनंती आहे" म्हटलं की उठतो. आवाज असा की मंडपाच्या मागच्या पातेल्यांतसुद्धा घुमावा.

आता यातली गंमत फक्त जवळच्यांना माहीत. हा आवाज माईकवरचा. माईक खाली ठेवला की भाऊ मिनमिन करतात. समोर बसून बोलले तरी मला दोनदा "काय?" विचारावं लागतं. त्या दिवशी त्यांनी सगळी हकीकत सांगेपर्यंत माझी मान दुखायला लागली.

त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात भाऊ होते. भगवा फेटा, कपाळाला गंध, मागे लग्नाचा मंडप. आणि तो खणखणीत आवाज म्हणत होता की मी अमुक अमुक, तुमचा लाडका माईकवाला, हे पिकाचं टॉनिक मी स्वतः माझ्या सोयाबीनवर फवारतो, शेंगा लगडतात, आजच मागवा. ओठ बरोबर हलत होते. मधे भुवई उडवायची भाऊंची लकबसुद्धा होती.

"मंग? फवारता का?" मी विचारलं.

"मी असं काही बोललोच नाही ना, बाई! हा माणूस मी आहे, पण हे मी नाही."

लग्नाचे व्हिडिओ शूटिंगवाले हौसेनं इंटरनेटवर टाकतात. तिथून कुणीतरी भाऊंचा चेहरा उचलला, आवाज उचलला, संगणकाला शिकवला आणि त्याच्याकडून हवं ते वदवून घेतलं. डीपफेक. हा शब्द तोपर्यंत मी नट-नट्यांच्या बातम्यांत वाचला होता. तो माझ्या टेबलावर, बांधाच्या नकाशाशेजारी येऊन पडेल असं वाटलं नव्हतं.

भाऊंनी माझ्याकडे येण्याआधी स्वतःची अक्कल चालवून पाहिली होती. घरच्या ओसरीवर बसून त्यांनी मोबाईलवर एक खुलाशाचा व्हिडिओ केला. "ते टॉनिक मी सांगतलं नाही, कोनी इश्वास ठेवू नका." माईक नव्हता, त्यामुळे आवाज निघाला तो घरातला, मिनमिना. गावागावांतल्या ग्रुपवर तो फिरला आणि लोकांनी एकमतानं निकाल दिला: हाच बनावट! भाऊंचा आवाज असा असतो का? एआय-बीआयवाल्यांनी भाऊंना बदनाम करायला केलेला दिसतो. एकानं तर खाली लिहिलं, 'खऱ्या भाऊंनी लवकर समोर यावे.'

मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. भाऊंना मात्र हसू येत नव्हतं.

"पोलिसांत गेलते?"

"गेलतो. तिथं इचारलं, पैसे गेले का? मी म्हनलं नाही. मंग काय गेलं? मी म्हनलं, आवाज. तो जमादार म्हने, काका, आवाज तर येऊन राह्यला ना!"

तरी त्या भल्या माणसानं तक्रार लिहून घेतली होती आणि सायबर शाखेकडे पाठवली होती. दुसऱ्याची ओळख वापरून संगणकावरून फसवणं हा गुन्हाच आहे. पण तपास त्याच्या गतीनं चालतो आणि भाऊंना घाई होती. ती का होती, हे सांगायला त्यांनी पाण्याचा अख्खा ग्लास संपवला.

त्यांची धाकटी बहीण सुलतानपूरला दिलेली. तिनं तो व्हिडिओ पाहिला, भावावर भरोसा ठेवून टॉनिक मागवलं, सोयाबीनवर फवारलं आणि चार दिवसांत पानं करपून वावर पिवळं पडलं. तिनं भावाला फोन करून एवढंच म्हटलं, "दादा, दुनियेले फसवलं ते फसवलं, मले बी?" आणि फोन ठेवला तो ठेवला. तुळशीचं लग्न झालं की तिच्या पोरीचं लग्न होतं. भाऊ सख्खे मामा. आमच्याकडे मुलीला बोहल्यावर मामानं घेऊन जायचं असतं. बहिणीनं निरोप धाडला होता की माईकवर जालन्याकडचा माणूस ठरवला आहे, आणि मामा म्हणून चुलतभावाला उभं करीन, तू येऊ नको.

"बाई, लोकायचं सोडा," भाऊ म्हणाले, "माह्या बहिनीले माह्यावर इश्वास बसला पाह्यजे. बाकी मले काही नको."

मी वकील आहे, देव नाही, असं म्हणणार होते. पण त्यांचं तोंड पाहून माझा पारा चढला. त्यांच्यावर नाही, त्या टॉनिकवाल्यावर. मी म्हटलं, सोडत नाही याला.

आधी सरळ वाट धरली. ज्या ॲपवर व्हिडिओ होता, त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला भाऊंच्या वतीनं लिहिलं की ही तोतयेगिरी आहे, बनवलेला चेहरा आहे, ही लिंक. अशी तक्रार आली की ठरलेल्या तासांत ते काढावंच लागतं, तसा नियम आहे. त्यांनी काढलं. भाऊ पेढे घेऊन आले. पेढा माझ्या तोंडात असतानाच त्यांचा मोबाईल वाजला. तोच व्हिडिओ, दुसऱ्या पानावर, आणि या वेळी भाऊ टॉनिकबरोबर गुडघेदुखीचं तेलही विकत होते.

"आता मी तेलबी लावतो म्हने," भाऊ म्हणाले.

मग दावा करायचं ठरलं. मी रात्रंदिवस वाचायला बसले. आपल्याकडे चेहऱ्याचा, आवाजाचा असा एक वेगळा कायदा नाही. कोर्टांनी निरनिराळ्या कायद्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवली आहे. माणसाचा खासगीपणा हा मूलभूत हक्क, तो एक तुकडा. दुसऱ्याच्या नावलौकिकावर स्वतःचा माल खपवायला मनाई, तो दुसरा. कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावरचा हक्क, तो तिसरा. या वाकळीखाली मोठमोठे नट जाऊन झोपले आहेत. आमच्या भाऊंना तिच्यात जागा मिळते का, एवढाच प्रश्न होता. आणि असले दावे तालुक्याच्या कोर्टात चालत नाहीत, जिल्हा न्यायालयातच लागतात. म्हणजे बुलढाणा. म्हणजे एसटी, मेहकर, चिखली आणि कंबरेचा भुगा.

मसुदा चालू असताना भाऊ म्हणाले, "त्या गुरुजीवर बी लावून देऊ ना केस."

हे गुरुजी शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाऊंची नक्कल करतात. हुबेहूब. लोक हसून हसून लोळतात.

"नाही लागत," मी म्हटलं.

"काऊन? तो बी माहाच आवाज चोरते!"

"भाऊ, गुरुजी नक्कल करून राह्यले हे पाहणाऱ्याला माहीत असतं. थट्टेला, नकलेला मोकळीक आहे. तुमच्या नावानं माल विकला, लोकांना फसवलं, तिथं कायदा येतो. उद्या गुरुजींनी तुमच्या आवाजात तेल विकलं तर या."

भाऊ थोडे नाराज झाले. मला वाटतं त्यांना टॉनिकवाल्यापेक्षा गुरुजीचाच राग जास्त होता.

दाव्यात दाखवायला लागतं की लोक या माणसाला ओळखतात, त्या ओळखीला किंमत आहे, आणि त्या ओळखीमुळे कुणीतरी प्रत्यक्ष फसलं. पहिल्या दोन गोष्टींसाठी अर्धा तालुका शपथपत्र द्यायला तयार होता. मंडपवाले, आचारी, एक नवरदेव. तिसऱ्यासाठी फसलेलं माणूस पाहिजे. आणि सगळ्यांत चांगलं फसलेलं माणूस होतं भाऊंची बहीण.

मी सुलतानपूरला गेले. बाई अंगणात गहू निवडत होती. मी कोण ते सांगितल्याबरोबर सूप आपटलं.

"त्यानं धाडलं का तुमाले? सांगा त्याले, मी नाही यायची त्याच्या बाजूनं."

"बाजूनं नका येऊ. जे झालं ते फक्त सांगा."

"काय सांगू? त्याचाच आवाज, त्याचंच तोंड! मी त्याची सख्खी बहीन, मले नाही वळखू येत? जगानं सांगतलं असतं तर मी थुकले नसते त्या बाटलीवर. दादानं सांगतलं म्हून फवारलं. लिहा! काळ्यावर पांढरं लिहा!"

"पांढऱ्यावर काळं," मी म्हटलं.

"तेच ते. लिहा!"

माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. बाई जेवढी चिडत होती, तेवढी भाऊंची केस पक्की होत होती. सख्खी बहीण फसते, याहून मोठा पुरावा काय? पण सही घ्यायच्या आधी मी तिला स्पष्ट सांगितलं की बाई, तुमच्या या रागाचा फायदा तुमच्या भावालाच होणार आहे, कारण आम्ही म्हणतो तो आवाज बनावट आहे.

तिनं सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, "फायदा होवो का तोटा. मी खरं तेच सांगून राह्यली. अन् बनावट-फिनावट मले नका सांगू. मी कोर्टात येऊन पाह्यते ना, तो तोंड वर करून काय बोलते ते."

सुनावणीच्या दिवशी ती खरंच आली. एकाच एसटीत भाऊ पुढे, ती मागे, आणि मधे मी. मेहकरच्या स्टँडवर भाऊंनी तिच्यासाठी भजी घेतली आणि ती माझ्या हातून पाठवली. तिनं ती घेतली नाही. मी खाल्ली. चिखलीला तिनं पाण्याची बाटली घेतली आणि म्हणाली, "त्याले द्या, त्याचा घसा सुकते." मी म्हटलं, माझं काय पोस्ट ऑफिस आहे का? पण दिली.

आमच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून अज्ञात इसम होते, कारण टॉनिकवाला कोण, कुठला, काहीच माहीत नव्हतं. दुसरे प्रतिवादी ते ॲप. त्यांचे वकील मुंबईहून पडद्यावर हजर झाले. मागे पुस्तकांची भिंत, बोलणं अगदी गोड. ते म्हणाले, न्यायालयानं हुकूम दिला तर ज्या लिंक सांगाल त्या काढू. पण सगळ्या जगातले व्हिडिओ आम्ही चाळत बसू शकत नाही, आणि मुळात वादी हे काही सेलिब्रिटी नाहीत.

"लोणारात या," मी पटकन बोलून गेले. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी बसले.

साहेबांनी तो व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला. मोबाईलमधल्या पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र वगैरे सगळं मी चोख जोडलं होतं. मग त्यांनी भाऊंना उभं केलं. "हा आवाज तुमच्यासारखा आहे?"

"हाव, साहेब," भाऊ म्हणाले.

"काय?"

"हाव, साहेब."

"मोठ्यानं बोला."

भाऊंनी जीव तोडून मोठ्यानं सांगितलं. तरी तो आवाज टेबलाच्या अलीकडेच संपला. पडद्यावरचे वकील गोड हसले. म्हणाले, "माय लॉर्ड... सर, आवाजात तर काहीच साम्य दिसत नाही. मग ओळख चोरली कशी म्हणायची?"

अख्खा तालुका याच खड्ड्यात पडला होता आणि आता कोर्टही पडत होतं. मी उठले. म्हटलं, "साहेब, यांचा धंदा माईकवरचा आहे. लोक ओळखतात तो माईकवरचा आवाज, आणि चोरला तोही माईकवरचा. यांना एकदा माईक द्यावा."

साहेब म्हणाले की याला काही मी पुरावा धरणार नाही, शपथपत्रं आहेतच. पण ऐकायला हरकत नाही. व्हिडिओ सुनावणीसाठी ठेवलेला माईक शिरस्तेदारानं भाऊंसमोर सरकवला.

भाऊंनी तो हातात घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत माणूस बदलला. पाठ ताठ झाली. दोनदा फुंकर मारली. "हॅलो... हॅलो. चेक."

"बोला काहीही," साहेब म्हणाले.

भाऊंना काहीही म्हणजे एकच येतं. "मंडपाच्या बाहेर उभ्या असलेल्या समस्त पाव्हणे मंडळींना नम्र विनंती आहे, त्यांनी आत यावं आणि आसनस्थ व्हावं, कार्याला उशीर होऊन राह्यला आहे!"

स्पीकर चांगला होता. आवाज व्हरांड्यात गेला, जिन्यात गेला, आणि पायऱ्यांखालच्या चहावाल्यापर्यंत गेला म्हणतात. व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत बसलेले पक्षकार उठले, दारातून आत आले आणि मागच्या बाकांवर रांगेनं बसले. एका आजोबांनी तर चपला दारात काढल्या. एक पोलीस, ज्याचं आमच्या प्रकरणाशी काहीएक देणंघेणं नव्हतं, टोपी काढून कोपऱ्यात उभा राहिला.

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला आणि बराच वेळ खोकले. पडद्यावरच्या वकिलांना म्हणाले, "वादीला लोक ओळखतात की नाही, यावर आपल्याला अजून काही म्हणायचं आहे?"

"नाही सर," ते म्हणाले. तेही हसत होते.

मग साहेबांना आणखी एक सुचलं. म्हणाले, व्हिडिओतलं पहिलं वाक्यच म्हणून दाखवा, म्हणजे तुलना होईल.

भाऊंनी माईक तोंडाशी नेला. "मी..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा "मी..." आणि पुन्हा थांबले. आता काय झालं या माणसाला?

"पुढे नाव आहे ना तुमचं? म्हणा."

भाऊंनी माईक खाली ठेवला आणि त्यांचा तो घरातला आवाज निघाला. "साहेब, माईकवर मी माह्यं नाव नाही घेत."

"का?"

"माह्या उस्तादानं शिकवलं तसं. लोणारात त्यांचा मंडप अन् स्पीकरचा धंदा होता. पहिल्या दिवशी माईक हाती देल्ला अन् म्हनले, बेटा, इसपे सबका नाम लेना, अपना कभी नहीं. जो अपना लेता है वो माइकवाला नहीं, पुढारी है. तवापासून नाही घेतलं. माह्या घरचा आहेर असला तं ती चिठ्ठीच मी वाचत नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी ताडकन उठलं. भाऊंची बहीण.

"मंग तो हा नव्हेच!" ती ओरडली. "साहेब, तो हा नव्हेच! त्या मोबाईलवाल्यानं तं पहिल्या झटक्याले नाव घेतलं! माह्या लग्नात यानं समद्या गावाचे आहेर वाचले, सोताचा नाही वाचला! सासरच्याईनं जलमभर मले टोचलं, भावानं काही देल्लं नाही म्हून! ज्यानं तवा नाव नाही घेतलं, तो टॉनिकसाठी घेईल का?"

"बाई, बसा," साहेब म्हणाले.

"बसते. पन तो हा नव्हे!"

मी डोकं धरलं. माझी मुख्य साक्षीदार भर कोर्टात उलटली होती. दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं की उलटली कुठे? ती फसली होती, म्हणून शपथपत्र खरं. आता डोळे उघडले, म्हणून व्हिडिओ खोटा. मी एवढंच म्हटलं, "साहेब, मला आणखी काही सांगायचं नाही." माझ्या आयुष्यातला हा सगळ्यांत छोटा युक्तिवाद. एरवी मला कुणी गप्प करू शकत नाही.

त्याच दिवशी तात्पुरता मनाई हुकूम झाला. भाऊंचा चेहरा, आवाज आणि नाव त्यांच्या परवानगीशिवाय माल विकायला कुणी वापरू नये. दाव्यातल्या लिंक ॲपनं काढाव्यात, आम्ही नव्या कळवल्या तर त्याही. ती पानं ॲपवर कुणी तयार केली त्याची माहिती न्यायालयाला द्यावी. थट्टा-नकलेला हा हुकूम लागू नाही, असंही साहेबांनी स्वतःहून लिहिलं, त्यामुळे गुरुजी वाचले. ती माहिती पुढे सायबर शाखेकडे गेली, तिथून तपास परराज्यातल्या एका गोदामापर्यंत पोचला आहे, आणि दावा अजून चालूच आहे. बहिणीचं सोयाबीन काही परत हिरवं झालं नाही.

परतीच्या एसटीत ती भावाच्या शेजारी बसली. चिखली गेली, मेहकर आलं. मेहकरला ती म्हणाली, "मामा म्हून ये. पन माईकचा मानूस ठरला आता, त्याले नाही म्हनता येत नाही."

"हाव," भाऊ म्हणाले.

"अन् माह्या लग्नात बोलला काऊन नाही रे दादा, मी सोताचा आहेर वाचत नसतो म्हून! इतके वर्स मी मनात धरून बसली."

"तू इचारलंच नाही."

"तुहं बोलनं तं ऐकूच येत नाही कोनाले!"

मी झोपल्याचं सोंग घेतलं, पण हसू आवरत नव्हतं.

लग्नाला मी गेले. मामांनी भाचीला बोहल्यावर आणलं. जालन्याकडच्या माईकवाल्यानं मंगलाष्टकांपर्यंत काम नीट केलं. पण आहेराची वेळ आली तशी तो स्टेजवरून उतरून भाऊंना शोधत आला, पाया पडला आणि म्हणाला, "तुम्ही समोर असताना मी आहेर वाचू का? लोक मारतील मला." भाऊंनी बहिणीकडे पाहिलं. तिनं मानेनं हो म्हटलं.

मग काय विचारता. आजोळची भांडी, आत्याची पैठणी, मित्रमंडळींचं कपाट, एकेक नाव भाऊंनी असं घेतलं की देणाऱ्याची छाती फुगावी. एक चिठ्ठी आली, ती त्यांनी पाहिली आणि गुपचूप सदऱ्याच्या खिशात सारली. माझं लक्ष होतं. बहिणीचंही होतं.

ती शालू सावरत स्टेजवर चढली, भावाच्या खिशात हात घातला, चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातातून माईक ओढून घेतला. स्पीकर किंचाळला. सगळ्यांनी कान झाकले. तिला वाचता येत होतं, पण तिनं चिठ्ठी पाहिलीच नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या सासरच्या मंडळींकडे तोंड केलं आणि भावाचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. पहिल्यांदा घेतलं तेव्हा माईक फार लांब होता. दुसऱ्यांदा फार जवळ होता. तिसऱ्यांदा ते मंडपभर नीट ऐकू गेलं, मागच्या पातेल्यांपर्यंत.

"मामाकडून पोरीले पैठणी!" ती म्हणाली. "अन् माह्या लग्नातला शालू बी त्यानंच देल्ला होता! तो तवाचा आहेर आत्ता वाचला म्हून समजा!"

भाऊ स्टेजच्या कडेला रिकाम्या हातांनी उभे होते. ओठ हलत होते, पण माईक नव्हता, त्यामुळे काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही. फेट्याच्या टोकानं डोळे पुसताना मात्र त्यांना सगळ्यांनी पाहिलं. त्यांचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय घेतलं होतं, भर लोकांत, माईकवरून, तीनदा. हुकूम माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही, मी टाळ्या वाजवत होते.